परतफेड चौदा महिन्यांत? आधी तास मोजा

शाळा उघडण्याच्या सुमारास संस्थाचालकांच्या टेबलावर हल्ली एक कागद हमखास येतो. वरती ‘वीजबचत प्रस्ताव’ असे लिहिलेले असते, खाली तीन रकाने असतात. सुरुवातीचा खर्च, वर्षाची बचत आणि परतफेडीचा काळ. पहिला आकडा मोठा असतो, दुसराही मोठा असतो आणि तिसरा मात्र छोटा, साधारण एक-दीड वर्ष. संस्थेच्या बैठकीत बहुतेकांची नजर थेट तिसऱ्या रकान्यावर जाते. दीड वर्षात पैसे वसूल होणार असतील तर नको कोण म्हणेल?

माझे म्हणणे असे की, शाळेसाठी आलेल्या अशा कागदावरचा तिसरा रकाना सर्वांत शेवटी वाचावा. त्याआधी एका आकड्याचा शोध घ्यावा, जो बहुतेक प्रस्तावांत ठळकपणे लिहिलेलाच नसतो. तो आकडा म्हणजे पंखा किंवा दिवा वर्षाकाठी किती तास चालतो. वीजबचतीचा सगळा हिशेब या तासांवर उभा असतो. वॅट कमी झाले म्हणून पैसे वाचत नाहीत. कमी झालेले वॅट जितके तास चालले, तितकेच पैसे वाचतात. आणि शाळा ही फार कमी तास चालणारी वास्तू आहे.

तालुक्याच्या गावातली एक नमुन्याची शाळा घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण असे प्रस्ताव ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ते ओळखीचे वाटतील. शाळेत ८० पंखे आहेत आणि १०० ट्यूबलाइट. पंखे जुने, पूर्ण वेगाला साधारण ७५ वॅट घेणारे. ट्यूबही जुन्या, ३६ वॅटच्या. त्यांच्या तांब्याच्या चोकमध्ये जाणारी वीज धरली तर एकीमागे सुमारे ५० वॅट लागतात. विक्रेता सांगतो की पंखे काढून बीएलडीसी बसवा, ते ३० वॅटमध्ये तितकाच वारा देतात. ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावा. इथपर्यंत त्याचे सगळे खरे आहे. बीएलडीसी पंख्यात मोटरची रचनाच वेगळी असते, त्यात कायमचे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्यामुळे उष्णतेत जाणारी वीज खूप कमी होते. पंख्यामागे ४५ वॅट आणि ट्यूबमागे ३० वॅट वाचतात, यात फसवणूक नाही.

खर्च असा: पंखा ३,००० रुपयांप्रमाणे ८० पंख्यांचे २,४०,०००, ट्यूब ३०० रुपयांप्रमाणे शंभरांचे ३०,०००. एकूण २,७०,००० रुपये. बचत काढताना त्याने दिवसाचे १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, म्हणजे ३,००० तास. पंख्यांतून १०,८०० युनिट, ट्यूबमधून ९,००० युनिट, मिळून १९,८०० युनिट. मग शाळेचे वर्षाचे बिल भागिले युनिट करून दर काढला १२ रुपये. वर्षाची बचत २,३७,६०० रुपये आली आणि परतफेड चौदा महिन्यांत.

आता शाळेची गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे जुनी फाइल सापडली नाही तरी अडत नाही. बारा महिन्यांची बेरीज करा. आपल्या नमुन्याच्या शाळेची बेरीज येते १४,००० युनिट. म्हणजे शाळा वर्षभरात एकूण जितकी वीज वापरते, त्याहून जास्त वीज हा प्रस्ताव वाचवणार आहे! हे वाचून हसू येईल, पण ही बेरीज न करताच प्रस्ताव मंजूर होऊ शकतो. बिल कारकुनाच्या फाइलीत असते, प्रस्ताव सचिवांच्या फाइलीत, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले नसते.

मग खरे तास किती? यासाठी फार लांब जायला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच शाळेचे किमान दिवस आणि तास दिलेले आहेत. पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. प्रत्यक्षात मधली सुट्टी, परिपाठ, परीक्षा, जादा तास धरून एका सत्राच्या शाळेची वर्गखोली वर्षाला हजार-बाराशे तास वापरात असते. त्यातले काही तास वर्ग मैदानावर असतो, काही तास प्रयोगशाळेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोणी पंखा लावत नाही. कडक उन्हाळा सुरू होतो तेव्हा शाळेला सुट्टी लागते. पंख्यांचे म्हणून ८०० तास धरणे मला तरी रास्त वाटते. विक्रेत्याच्या तीन हजारांपुढे हे जेमतेम चौथा हिस्सा.

दुसरी गोष्ट चालू पंख्यांची. ८० पंखे छताला टांगलेले आहेत, पण फिरतात किती? वर्गावर्गांतून हिंडून मोजले तर १२ बंद निघतात. कोणाचा कंडेन्सर गेला आहे, कोणाची वाइंडिंग जळली आहे. बंद पंखा शून्य वॅट घेतो. तो बदलून वीज वाचत नाही, उलट नवा पंखा चालू होणार म्हणून खर्च वाढतो. तेव्हा बचतीच्या हिशेबात ६८ पंखेच धरायचे. ६८ पंखे, ४५ वॅट, ८०० तास, म्हणजे सुमारे २,४५० युनिट.

तिसरी गोष्ट दराची. बिलातला प्रत्येक रुपया युनिटबरोबर कमी होत नाही. स्थिर आकार हा जोडणीचा असतो, आपण पंखा लावला काय आणि न लावला काय. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे युनिटप्रमाणे चालतात, आणि जिथे वीज शुल्क लागू आहे तिथे तेही सोबत हलते. आपल्या शाळेचे वर्षाचे बिल १,६८,००० रुपये, त्यात स्थिर भाग २८,००० रुपये, असे समजा. उरलेले १,४०,००० रुपये भागिले १४,००० युनिट म्हणजे १० रुपये. एक युनिट वाचले की हे दहा रुपये वाचतात, बारा नाहीत. ज्या जोडणीत कमाल मागणी मोजली जाते तिथे भार घटला तर स्थिर आकारही थोडा उतरू शकतो, पण त्यासाठी मंजूर भार कमी करून घ्यावा लागतो. ती बचत प्रस्तावात धरायची असेल तर तो अर्ज कोण करणार हेही प्रस्तावात हवे.

आता पंख्यांची ओळ पुन्हा मांडू. खर्च २,४०,००० रुपये. बचत २,४५० युनिट गुणिले १० रुपये, म्हणजे २४,५०० रुपये. परतफेड जवळजवळ दहा वर्षांत. ज्या पंख्याची हमी दोन ते पाच वर्षांची आहे, तो दहा वर्षांनी पैसे फेडणार. बीएलडीसी पंख्यातले सर्किट व्होल्टेजच्या चढउताराला जुन्या पंख्याइतके सोशिक नसते, आणि तालुक्याच्या गावात व्होल्टेज कसे असते हे वेगळे सांगायला नको. जुन्या पंख्याचा कंडेन्सर गावातला वायरमन पन्नास-शंभर रुपयांत बदलून देतो. सर्किट गेले तर पंख्याच्या किमतीच्या मानाने बरीच रक्कम मोजावी लागते आणि सुटा भाग मिळेपर्यंत वर्गातली मुले घाम पुसत बसतात. म्हणून माझा साधा नियम असा की, परतफेडीचा काळ हमीच्या काळापेक्षा जास्त असेल तर ती ओळ बचतीची नाही. आणखी एक व्यावहारिक अडचण. हे पंखे जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात, तो काढून थेट जोडणी करावी लागते आणि वेग बहुधा रिमोटने बदलावा लागतो. साठ मुलांच्या वर्गात रिमोट किती दिवस टिकतो, ते वर्गशिक्षकांना विचारा.

इथे एक गैरसमज होऊ नये. बीएलडीसी पंखा वाईट, असे मी म्हणत नाही. हाच पंखा औद्योगिक वसाहतीतल्या दोन पाळ्यांच्या छोट्या कारखान्यात नेऊन टांगा. तिथे तो १६ तास आणि ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास चालेल. ४५ वॅटप्रमाणे वर्षाला २१६ युनिट. तोच दहाचा दर धरला तर २,१६० रुपये. तीन हजारांचा पंखा सतरा महिन्यांत फिटतो. पंखा एक, किंमत एक, दरही एक, आणि परतफेड एकीकडे दीड वर्षाच्या आत तर दुसरीकडे आठ वर्षांच्या पुढे. (बंद पंखे धरल्यामुळे शाळेचा एकूण आकडा दहाच्या जवळ गेला, एका चालू पंख्याचा हिशेब ३,००० भागिले ३६० असा आहे.) विक्रेत्यांच्या कागदावर तीन हजार तास येतात ते बहुधा इथूनच. कारखान्यासाठी केलेला तक्ता नाव बदलून शाळेला दिलेला असतो. सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत तास दुप्पट होतात आणि परतफेड निम्म्यावर येते. तिथे विचार करायला जागा आहे.

ट्यूबची ओळ याहून बोधक आहे. प्रस्तावात ‘१०० ट्यूब’ अशी एकच ओळ होती. पण शाळेतल्या शंभर ट्यूब सारख्या चालत नाहीत. व्हरांडा, प्रवेशद्वार आणि स्वच्छतागृहाबाहेरच्या ६ ट्यूब संध्याकाळी लागतात त्या सकाळी शिपाईमामा येईपर्यंत जळतात. वर्षाचे ४,००० तास. आतल्या अंधाऱ्या खोल्या, जिन्याखालची खोली, कार्यालय, प्रयोगशाळा इथल्या ३४ ट्यूब शाळा भरली की लागतात, १,००० तास. उरलेल्या ६० ट्यूब खिडक्या असलेल्या वर्गांत आहेत, त्या पावसाळी अंधारात आणि ढगाळ दिवशी लागतात, वर्षाचे जेमतेम ३०० तास. एकाच दुकानातून, एकाच किमतीला घेतलेल्या ट्यूबचा हिशेब मग असा फुटतो:

रात्रभर जळणाऱ्या ६ ट्यूब: खर्च १,८०० रुपये, वर्षाची बचत ७,२०० रुपये, परतफेड ३ महिने.
अंधाऱ्या खोल्यांतल्या ३४ ट्यूब: खर्च १०,२०० रुपये, वर्षाची बचत १०,२०० रुपये, परतफेड १ वर्ष.
खिडक्यांच्या वर्गांतल्या ६० ट्यूब: खर्च १८,००० रुपये, वर्षाची बचत ५,४०० रुपये, परतफेड ३ वर्षे ४ महिने.

शंभरांपैकी सहा ट्यूब बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा देतात. एकत्र ओळ लिहिली की हे दिसत नाही, आणि पैसे कमी असतील तर आधी काय करायचे हे कळत नाही. सरासरीने नेमकी हीच माहिती गिळलेली असते. त्या साठ ट्यूबची मला घाई वाटत नाही. जी ट्यूब किंवा चोक जाईल तिच्या जागी एलईडी लावत गेले की पुरे, कारण तेव्हा नाही तरी पैसे खर्च होणारच असतात आणि हिशेबात फक्त दोन किमतींमधला फरक धरायचा असतो.

प्रस्तावात नसलेली एक ओळ मी स्वतः घालीन, ती पाण्याच्या पंपाची. दोन अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण दोन किलोवॅट घेतो, म्हणजे जवळजवळ २७ जुन्या पंख्यांइतका. शिपाईमामा सकाळी बटन दाबतात, घंटा द्यायला जातात, मग कार्यालयातून हाक येते आणि टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहत राहते. रोजचा एक तास असा जादा गेला तर २३० दिवसांत ४६० युनिट, म्हणजे ४,६०० रुपये. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे साधन मजुरीसह ३,००० रुपयांत बसत असेल तर आठ महिन्यांत पैसे फिटले, आणि वाचलेले पाणी वेगळेच. विक्रेत्याच्या यादीत ही ओळ नसते, कारण तो पंखे विकतो.

आता बेरीज करू. रात्रीच्या सहा ट्यूब, अंधाऱ्या खोल्यांतल्या चौतीस आणि पंपाचे साधन. खर्च १५,००० रुपये. बचत २,२०० युनिट, म्हणजे २२,००० रुपये. परतफेड आठ महिन्यांच्या आसपास. मूळ प्रस्ताव जसाच्या तसा अमलात आणला असता तर २,७०,००० रुपये घालून खरी बचत झाली असती सुमारे ४७,००० रुपये आणि परतफेड पावणेसहा वर्षांत. म्हणजे खर्चाच्या अठराव्या हिश्श्यात जवळजवळ निम्मी बचत हाती येते. उरलेल्या अडीच लाखांचे काय करायचे ते संस्थेने ठरवावे.

‘पण पैसे तर देणगीदार देतो आहे’ हा युक्तिवाद मी बरेचदा ऐकतो. माजी विद्यार्थी किंवा एखादी कंपनी सामाजिक निधीतून पंखे देणार असेल तर परतफेड कशाला मोजायची? मला हे पटत नाही. त्याच देणगीतून मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी येऊ शकले असते किंवा गळके छप्पर दुरुस्त झाले असते. देणगीदारालाही तिसरा रकाना दाखवूनच पंखे निवडायला लावलेले असते. तो रकाना चुकला असेल तर त्याची निवडही चुकीच्या माहितीवर झालेली असते.

या हिशेबात बंद पडलेल्या बारा पंख्यांचे काय? इथे पैशांचा तक्ता बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली, बंद पंख्याच्या खाली बसलेल्या मुलाला शिकवलेले किती कळत असेल? ते बारा पंखे बदलायलाच हवेत, पण ‘बचत’ या नावाखाली नव्हे. बारा बीएलडीसी पंखे ८०० तास चालले तर वर्षाला २८८ युनिट, म्हणजे २,८८० रुपये जादा लागतील. प्रस्तावात ‘गरज’ असा वेगळा रकाना करून ही रक्कम उघडपणे लिहावी. नाही तर वर्षाअखेरीस बिल अपेक्षेइतके उतरले नाही म्हणून कोणी तरी पंखे बंद ठेवण्याचा फतवा काढतो आणि बचतीची किंमत मुले मोजतात.

बारा पंखे घेताना साधा घ्यावा की बीएलडीसी, हा प्रश्न मात्र पैशांचा आहे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले. त्यामुळे आज दुकानात मिळणारा एक ताऱ्याचा साधा पंखाही ७५ वॅटचा राहिलेला नाही, तो पन्नास-बावन्नच्या घरात आहे. म्हणजे नव्या खरेदीत तुलना ७५ विरुद्ध ३० अशी करायची नाही, ५२ विरुद्ध ३० अशी करायची. ८०० तासांत फरक पडतो अठरा युनिटांचा, १८० रुपयांचा. किमतीतला फरक १,२०० रुपये असेल तर तो भरून यायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतील. एका सत्राच्या शाळेत मी साधा, पण तारांकन पाहून घेतलेला पंखा लावीन. दोन सत्रांच्या शाळेत, व्होल्टेज बरे असेल आणि पाच वर्षांची हमी लेखी मिळत असेल तर बीएलडीसी.

उजेडाबद्दलही असेच. बचतीचा आकडा फुगवायचा सोपा मार्ग म्हणजे २० वॅटच्या जागी १० वॅटची स्वस्त ट्यूब लावणे. वॅट अर्धे होतात, उजेडही अर्धा होतो. वर्गात बाकावर सुमारे ३०० लक्स उजेड असावा, असे आपली मानके सांगतात. लक्समीटर फार महाग नसतो आणि तो नसेल तर खोक्यावर छापलेले ल्युमेन पाहावेत. २० वॅटच्या चांगल्या ट्यूबवर दोन हजारांच्या आसपास ल्युमेन लिहिलेले असतात. प्रस्तावात वॅटशेजारी ल्युमेन लिहिलेले नसतील तर विचारावे. फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येत नसेल, तर वाचलेल्या युनिटांना अर्थ उरत नाही.

वॅट आणि तास तपासायला महागड्या तपासणीची गरज नाही. तास मोजायला एक वही पुरते. दोन आठवडे, चार-पाच वर्गांत, पंखे-दिवे कधी लागले आणि कधी बंद झाले ते वर्गातल्या मुलांनीच लिहावे. नववीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला हे काम दिले तर ती कोणत्याही तज्ज्ञापेक्षा चोख करतात. पावसाळ्यात एकदा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा नोंदी घेतल्या तर वर्षाचा अंदाज येतो.

वॅट मोजायला शाळेचे मीटरच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो १६०० आहे. रविवारी शाळेत जाऊन सगळे बंद करा आणि एका वर्गातले तीनच पंखे पूर्ण वेगाने लावा. दिवा मिनिटाला सहा वेळा लुकलुकला तर तीन पंखे मिळून २२५ वॅट घेत आहेत, एकेक ७५. विक्रेत्याने नमुन्याचे तीन पंखे लावून दाखवले तर त्यांच्यावर पाच मिनिटांत बारा लुकलुक व्हायला हव्यात. जास्त झाल्या तर त्याचे ३० वॅट हे ३० नाहीत. पंखा तीनच्या वेगावर ठेवूनही एकदा मोजून पाहा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर हळू फिरणारा जुना पंखा बराच कमी वीज घेतो, म्हणजे बदलून होणारी बचतही तेवढी आटते. मोठ्या जोडणीत मीटर गुणकासह चालतो, तिथे वायरमनला सोबत घ्यावे.

या तपासणीत एक गंमत होते. सगळे बंद केल्यावर दिवा थांबायला हवा. बहुतेक शाळांत तो थांबत नाही. कुठे इन्व्हर्टर जुन्या बॅटऱ्या रात्रंदिवस चार्ज करत असतो, कुठे संगणक कक्षातला स्टॅबिलायझर चालू राहिलेला असतो, कुठे पाणी थंड करणारा कूलर सुट्टीतही रिकाम्या शाळेसाठी पाणी गार ठेवत असतो. नुसते १०० वॅट असे चोवीस तास गळत असतील तर वर्षाला ८७६ युनिट, म्हणजे ८,७६० रुपये. ६८ पंखे बदलून जे मिळणार होते त्याचा हा तिसरा हिस्सा झाला, आणि त्यासाठी खर्च आहे एका बटनाचा.

छतावरच्या सौर यंत्रणेचे प्रस्ताव हा वेगळ्या लेखाचा विषय, पण क्रमाबद्दल एक सांगतो. सौर विक्रेता गेल्या वर्षीच्या बिलावरून यंत्रणेचा आकार ठरवतो. आपल्याकडे एक किलोवॅट यंत्रणा वर्षाला साधारण १,४०० युनिट देते, म्हणजे १४,००० युनिटांसाठी तो १० किलोवॅट सांगेल. आधी पंधरा हजारांची कामे करून २,२०० युनिट कमी केले, तर दीड किलोवॅटने लहान यंत्रणा पुरते. किलोवॅटला पन्नास हजार धरले तरी पाऊण लाख रुपये वाचले. बचत आधी आणि सौर नंतर, हा क्रम उलटा झाला की ते पाऊण लाख कायमचे छतावर जाऊन बसतात.

विक्रेत्यांशी भांडावे, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याकडून कागद वेगळ्या रीतीने मागावा, एवढेच. प्रत्येक ओळीत उपकरणांची चालू संख्या, आधीचे वॅट, नंतरचे वॅट, वर्षाचे तास आणि युनिटप्रमाणे बदलणारा दर हे पाच आकडे हवेत. तास कोणी मोजले त्याची सही हवी. एकूण बचत बिलातल्या एकूण वापराच्या किती टक्के आहे हे खाली लिहिलेले हवे. आणि पैशांचा शेवटचा दहावा हिस्सा वर्षभर राखून ठेवण्याची अट घालावी. पुढच्या जुलैचे युनिट या जुलैच्या युनिटांशी, ऑगस्टचे ऑगस्टशी ताडून पाहावेत. मधल्या काळात नवे वर्ग सुरू झाले असतील, संगणक वाढले असतील, तर तेवढे वजा करून. ही अट वाचून जो विक्रेता आपले ३,००० तास खोडून स्वतःहून ८०० लिहून आणतो, त्याच्याशी व्यवहार करायला हरकत नाही.

नव्या प्रस्तावाचा कागद आला असेल तर जून ते मे अशी बिले काढून ठेवा आणि येत्या रविवारी शिपाईमामांकडून शाळेची किल्ली मागून घ्या. मीटरच्या खोलीत चांगल्या बॅटरीची टॉर्च लागेल, तिथला बल्ब बहुधा गेलेला असतो.